दुसऱ्या सत्रात रुब्रिकचे गुण उतरले, पण मूल पुढे गेलंय असं वाटतंय? कृतीची काठिण्यपातळी बदलली असेल तर तुलना अशी करा

लक्षण

सातवीतली एक मुलगी. मराठी लेखन चार निकषांवर, प्रत्येकी चार पातळ्यांत तपासणाऱ्या रुब्रिकवर पहिल्या सत्रात तिला १६ पैकी १२ मिळाले, दुसऱ्या सत्रात १०. रुब्रिक तेच, तपासणारी मीच. दोन्ही सत्रांचे कागद शेजारी ठेवले तर दुसऱ्या सत्रातलं लेखन जास्त विचार करून लिहिलंय हे कुणालाही दिसेल. पण प्रगतिपुस्तकात आकडे जातात, कागद जात नाहीत, आणि आकडे सांगतात की पोरगी मागं आली.

पालकसभेत तिचे वडील म्हणाले, "मॅडम, घरात रोज लिहीत बसतीया. मग मार्क कसं काय उतरलं?" प्रश्न रास्त आहे. "दुसऱ्या सत्राची कृती जरा अवघड होती" एवढं सांगून तो सुटत नाही. किती अवघड होती? त्या अवघडपणामुळे किती गुण गेले आणि ते बाजूला काढले तर उरतं काय? हे सांगता येत नसेल तर आपण पालकांची नुसती समजूत काढत असतो.

याच दुखण्याची दुसरी बाजू कुणी तक्रार करत नाही म्हणून लपून राहते. दुसऱ्या सत्रात सोपी कृती आली की सगळ्या वर्गाचे गुण चढतात आणि सगळे खूश होतात. त्यात एखादं मूल जागच्या जागी थांबलेलं असतं, पण आकडा वर गेल्यामुळे ते कुणाच्या लक्षात येत नाही. मला ही बाजू जास्त धोक्याची वाटते. खाली दिलेली पद्धत दोन्हीकडे चालते.

असं का होतं

रुब्रिकवरच्या एका गुणात तीन गोष्टी एकत्र आलेल्या असतात: मुलाची तयारी, कृतीचा अवघडपणा आणि तपासणाऱ्याचा हात. एका सत्रातून दुसऱ्या सत्रात जाताना यातल्या दोन गोष्टी स्थिर असतील, तरच तिसरीबद्दल बोलता येतं. आपण सहसा रुब्रिक तेच ठेवतो आणि तेवढ्यावर मोजपट्टी तीच आहे असं धरून चालतो. पण "मुद्द्यांची मांडणी सुसंगत आहे" हे वाक्य पाच ओळींच्या वर्णनाला लावणं वेगळं आणि तक्ता वाचून केलेल्या अहवालाला लावणं वेगळं. शब्द तेच राहतात, त्यांना पुरं पडायला लागणारी मेहनत बदलते.

आमच्याकडे काय बदललं ते नीट बघा. पहिल्या सत्राची कृती होती 'रंकाळ्यावरची संध्याकाळ', वर्णनपर लेखन. फळ्यावर पाच मुद्दे दिलेले होते: गर्दी, पाणी, खाऊच्या गाड्या, आवाज, परत निघताना. विषय मुलांच्या रोजच्या बघण्यातला. दुसऱ्या सत्राची कृती होती पंचगंगेच्या पाणीपातळीवर अहवाल. मी सरावासाठी तयार केलेला पाच दिवसांचा तक्ता, राजाराम बंधाऱ्यावरची पातळी फुटांत आणि शेजारी पावसाची नोंद. सोबत नदीकाठच्या एका शेतकऱ्याच्या बोलण्याचा परिच्छेद. दोन्ही वाचून काय घडलं ते लिहायचं आणि एक निष्कर्ष काढायचा. इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, एवढंच वर दिलेलं होतं. मुद्दे दिलेले नव्हते.

म्हणजे काठिण्य एकाच जागी वाढलं नाही. मुद्द्यांचा आधार गेला, साहित्य एकाचं दोन झालं, अनुमान काढायची अट आली. यातली पहिली गोष्ट सगळ्यात फसवी आहे. पहिल्या सत्रात मुलांना "मांडणी"त ३ मिळाले तेव्हा त्या मांडणीचा मोठा वाटा माझ्या फळ्यावरच्या क्रमाचा होता. मुलांनी तो क्रम पाळला, एवढंच. दुसऱ्या सत्रात क्रम त्यांनी लावायचा होता. त्यामुळे मांडणीचे गुण उतरले तर मुलांची मांडणी बिघडली असं लगेच म्हणता येत नाही.

जे उपाय लगेच सुचतात आणि चालत नाहीत

टक्केवारी काढणं. १२ चे ७५ टक्के आणि १० चे ६२.५ टक्के होतात, अडचण तिथंच राहते.

अवघड कृतीला सढळ हाताने गुण देणं. हे बऱ्याच ठिकाणी चालतं, आणि मनात हेतू चांगलाच असतो. पण मग पातळी ३ चा अर्थ प्रत्येक सत्रात वेगळा होतो आणि तो कुठंच लिहून ठेवलेला नसतो. पुढच्या वर्षी आठवीच्या शिक्षकाला तो कळायचा कसा?

वर्गाची सरासरी जेवढी उतरली तेवढे गुण प्रत्येकाला परत देणं. हा उपाय बराच शहाणा वाटतो, म्हणून त्यावर थोडं थांबते. आमच्या वर्गात मध्यातल्या मुलाचे गुण दोन सत्रांत २ ने उतरले. म्हणून सगळ्यांना २ मिळवायचे? मग आपल्या मुलीचे १० चे १२ होतात आणि उत्तर येतं: प्रगती शून्य. गोम अशी की हे दोन गुण म्हणजे नुसता कृतीचा अवघडपणा नव्हे. त्यात वर्गाने मधल्या पाच महिन्यांत केलेली प्रगतीही वजा होऊन बसलेली आहे. समजा कृती ३ गुणांनी अवघड होती आणि वर्ग १ गुणाने सुधारला, तरी दिसणारी घट २ च असेल. कृती २ ने अवघड आणि वर्ग जागच्या जागी, तरीही २ च. वर्गाच्या घटीवरून या दोन शक्यता वेगळ्या करता येत नाहीत. या पद्धतीने मूल वर्गाच्या तुलनेत कुठे आहे एवढंच कळतं. सगळा वर्ग एकदम पुढे गेला असेल तर ती प्रत्येकाला शून्य दाखवते.

वर्गातला क्रमांक बघितला तरी हेच होतं.

चालणारा उपाय: दुवा कृती

दोन सत्रांना जोडणारं काहीतरी एक सारखं असायला हवं. ते नंतरही घालता येतं, फक्त उशीर करू नका.

दुसऱ्या सत्राची अवघड कृती झाली की पुढच्या दोन आठवड्यांच्या आत, त्याच मुलांना पहिल्या सत्राच्या तोडीची एक कृती द्या. तीच कृती पुन्हा नको, कारण मुलांना जुनं लेखन आठवतं आणि आठवणीचे गुण प्रगतीच्या खात्यात जमा होतात. विषय वेगळा, बाकी सगळं तसंच: तितकाच वेळ, तितकेच मुद्दे, तेवढीच शब्दमर्यादा, तितकाच ओळखीचा प्रसंग. मी 'पंचगंगा घाटावरची सकाळ' दिली. फळ्यावर पाच मुद्दे, एक तासिका. मुद्दे देण्याचा मोह टाळावा असं इथे वाटू शकतं, कारण मुलं आता मुद्द्यांशिवाय लिहू शकतात. पण पहिल्या वेळी मुद्दे दिले होते, म्हणून आताही द्यायचे. सारखेपणा हाच या कृतीचा सगळा उपयोग आहे.

आता प्रत्येक मुलाचे तीन आकडे हातात येतात. पहिल्या सत्राची सोपी कृती, दुसऱ्या सत्राची तोडीची सोपी कृती आणि दुसऱ्या सत्राची अवघड कृती. दोन सोप्या कृतींतला फरक म्हणजे प्रगती, कारण तिथे अवघडपणा जवळपास सारखा आहे. दुसऱ्या सत्रातल्या दोन कृतींतला फरक म्हणजे अवघडपणाची किंमत, कारण त्या पंधरवड्यात मूल तेच आहे. प्रगती आणि काठिण्य वेगळं करायला एवढंच लागतं.

शीटमध्ये C रकान्यात पहिल्या सत्राची सोपी कृती, D मध्ये दुसऱ्या सत्राची सोपी आणि E मध्ये अवघड कृती भरा. ४० मुलं असतील तर F2 आणि G2 मध्ये खालची पहिली दोन सूत्रं लिहून ४१ व्या ओळीपर्यंत ओढत न्या, आणि शेवटी मध्यक काढा:

```
F2: =D2-C2
G2: =D2-E2
=MEDIAN(F2:F41)
=MEDIAN(G2:G41)
```

सरासरीऐवजी मध्यक घ्यायचं कारण एवढंच की एखादं मूल त्या दिवशी तापात लिहायला बसलं असेल तर त्याच्या एका आकड्याने सगळा हिशोब ढळू नये. आमच्याकडे F चा मध्यक १ आला, G चा ३. म्हणजे वर्ग साधारण १ गुणाने पुढे आलाय आणि पाणीपातळीची कृती रंकाळ्याच्या तोडीच्या कृतीपेक्षा साधारण ३ गुणांनी अवघड आहे. वर सांगितलेली २ गुणांची घट आता उलगडली.

दुवा कृती सगळ्या वर्गाला द्यायला वेळ नसेल तर निवडक मुलांना द्या, पण १० पेक्षा कमी नकोत आणि ती वरच्या, मधल्या आणि खालच्या अशा तिन्ही थरांतली हवीत. फक्त हुशार मुलं निवडली तर अवघडपणाची किंमत कमी दिसते. आणि ज्या मुलाबद्दल बोलायचं आहे त्याला ही कृती द्यायलाच हवी. इतरांच्या आकड्यांवरून त्याची प्रगती काढणं हा नाइलाजाचा मार्ग आहे.

आधी तपासणाऱ्याचा हात बघा

वरच्या आकड्यांवर विसंबण्याआधी एक शंका मिटवावी लागते. ऑक्टोबरमध्ये तपासताना आणि मार्चमध्ये तपासताना आपला हात तोच होता का? वर्षभर मुलांचं लेखन वाचून अपेक्षा नकळत वाढते. ऑक्टोबरमध्ये ज्याला ३ दिले त्याला मार्चमध्ये २ देतो आणि आपल्याला कळतही नाही.

पहिल्या सत्राचे १० कागद काढा. झेरॉक्स काढताना नाव, तारीख आणि आधीचे गुण झाका. त्यात दुसऱ्या सत्राच्या सोप्या कृतीचे १० कागद मिसळा आणि शेजारच्या तुकडीच्या शिक्षकांकडे द्या. त्यांना एकच गोष्ट कळता कामा नये: रंकाळा आधी होता की घाट. घाटाचे कागद दुसऱ्या सत्राचे आहेत हे ठाऊक असलं की हात आपोआप सैल होतो. मुलं चांगली लिहायला लागली असतील अशी आपली इच्छा असतेच. म्हणून हे मिश्रण स्वतः तपासण्याचा फायदा अर्धाच. तरीही पहिल्या सत्राचे ते १० कागद झाकलेल्या गुणांनिशी स्वतः पुन्हा तपासाच, कारण त्यातून दुसरी एक उपयोगी गोष्ट कळते.

मी पुन्हा तपासले तेव्हा १० पैकी ६ कागदांना तेच गुण पडले, दोघांचा एक गुण वाढला, दोघांचा एक कमी झाला. सगळे एकाच दिशेने सरकले नाहीत, म्हणजे हात कडक झालेला नाही. सात-आठ कागद एकाच दिशेने गेले असते तर पहिल्या सत्राचे सगळे कागद आजच्या हाताने पुन्हा तपासावे लागले असते. त्याला दुसरा इलाज नाही, गुणांत सरसकट मिळवणी करून ते काम उरकत नाही. शेजारच्या तुकडीच्या बाईंनी तपासलेल्या मिश्रणातही घाटाचे कागद रंकाळ्याच्या कागदांपेक्षा थोडे वरच राहिले.

आणि ती उपयोगी गोष्ट ही: तोच कागद, तोच तपासणारा, तरी एका गुणाची हलचल होते. म्हणजे एखाद्या मुलाचा एक गुण वाढला तर त्याला प्रगती म्हणू नका आणि एक उतरला तर अधोगती म्हणू नका. दोन कागदांची तुलना करताना दोन्हीकडे ही हलचल असते, त्यामुळे दोन गुणांचा फरकही पक्का पुरावा ठरत नाही. त्याच्या जोडीला दुसरं काहीतरी लागतं. सबंध वर्गाचा मध्यक १ ने हलला तर त्याला थोडा अर्थ आहे, कारण ४० मुलांच्या हलचली एकमेकींना बऱ्याच अंशी खाऊन टाकतात. एका मुलाच्या बाबतीत ती सोय नाही.

त्या मुलीचे कागद

तिचे आकडे आता निकषांप्रमाणे बघू. रुब्रिकमध्ये चार निकष आहेत, प्रत्येकी चार पातळ्या.

रंकाळा: आशय ३, मांडणी ३, आधार ३, भाषा ३. एकूण १२.
घाट: आशय ४, मांडणी ४, आधार ३, भाषा ३. एकूण १४.
पाणीपातळी: आशय ३, मांडणी २, आधार २, भाषा ३. एकूण १०.

सोप्या कृतीवर ती १२ वरून १४ वर गेली. अवघड कृतीच्या १० मध्ये अवघडपणाची किंमत ३ मिळवली तर १३ होतात, म्हणजे त्या वाटेने प्रगती १ गुणाची. एका वाटेने २, दुसऱ्या वाटेने १. दोन्ही वर जाणाऱ्या आहेत, पण दोन्ही लहान आहेत. इथं थांबून "नक्की प्रगती झाली" असं म्हणायला मी तयार नव्हते. पुढे निकष तपासावे लागतात.

"आधार" हा निकष तुलनेतून काढून टाकावा लागला. रंकाळ्याच्या कृतीत आधार म्हणजे स्वतः बघितलेले बारकावे. पाणीपातळीच्या कृतीत आधार म्हणजे तक्त्यातले आकडे आणि शेतकऱ्याचं म्हणणं नेमकं वापरणं. रकान्याला नाव एकच असलं तरी ही दोन वेगळी कौशल्यं आहेत, आणि त्यांच्या गुणांची वजाबाकी करण्यात अर्थ नाही. रुब्रिकची प्रत्येक ओळ हातात घेऊन स्वतःला विचारा: या ओळीत ३ मिळवायला दोन्ही कृतींत मुलाला तेच काम करावं लागतं का? उत्तर नाही असेल तर ती ओळ प्रत्येक सत्रापुरती वाचा, सत्रांच्या मध्ये ओढू नका. उरलेल्या तीन निकषांवर तिचे गुण १२ पैकी ९, ११ आणि ८ होतात. सोप्या कृतीवरचा फरक अजूनही २ आहे, म्हणजे ती वाढ "आधार"मधून आलेली नाही.

"भाषा" तिन्ही ठिकाणी ३ आहे. वरवर बघितलं तर काहीच घडलं नाही. आमच्या रुब्रिकमध्ये भाषेच्या पातळी ३ ला "तीन ते पाच चुका" असं लिहिलेलं आहे, आणि गडबड तिथं आहे. रंकाळ्यावर तिने ११० शब्द लिहिले, त्यात ५ चुका. पाणीपातळीवर १८० शब्द, त्यातही ५ चुका. शंभर शब्दांमागे धरलं तर साडेचारच्या आसपास असलेलं प्रमाण तीनच्या खाली आलं. शिवाय दुसऱ्या लेखनात "पातळी", "विसर्ग", "निष्कर्ष" असे शब्द आहेत, जे ती पहिल्यांदाच लिहीत होती. चुकांची मोजदाद करणारा निकष लांबीप्रमाणे बदलतो, आणि कृती बदलली की लांबीही बदलू शकते. अशा ओळीवर प्रगती बघायची तर प्रमाण काढा.

आता कागदावरची वाक्यं. रंकाळ्याच्या लेखनात: "रंकाळ्यावर खूप गर्दी असते. भेळ मिळते. खूप मजा येते." प्रत्येक मुद्द्याला दोन-तीन सुटी वाक्यं, मुद्दा संपला की पुढचा मुद्दा. घाटाच्या लेखनात, त्याच "आवाज" या मुद्द्यावर: "सकाळी घाटावर माणसं कमी असतात म्हणून पाण्याचा आवाज वरच्या पायरीवरूनच ऐकू येतो." मुद्दे दोन्हीकडे मीच दिले होते, पण इथे दोन मुद्दे तिने एका कारणाने जोडले. मांडणीतले ४ तिथून आले.

आणि पाणीपातळीच्या कागदावर, जिथे तिला सगळ्यात कमी गुण पडले: "बुधवारी पाणी ३९ फुटांवर आले म्हणजे इशारा पातळी गाठली. गुरुवारी पाऊस कमी झाला तरी पाणी वाढले. राधानगरीचे दरवाजे उघडले असतील." तक्त्यात राधानगरी धरणाचा उल्लेख नव्हता, शेतकऱ्याच्या बोलण्यातही नव्हता. कोल्हापूरच्या मुलीला ते घरातून ठाऊक आहे, पावसाळ्यात सगळं घर त्या स्वयंचलित दरवाजांच्या बातमीकडे कान लावून असतं. रुब्रिकप्रमाणे "अनुमान आहे, पण दिलेल्या साहित्यातून आधार नाही" म्हणून "आधार"मध्ये पातळी २. गुण बरोबर दिले आहेत आणि मी ते बदलणार नाही. पण दोन रकान्यांतला विरोध तिच्या नजरेला आला, आणि त्याचं कारण शोधावंसं तिला वाटलं. पहिल्या सत्राच्या कृतीत अशी नजर दाखवायला जागाच नव्हती. अवघड कृतीचे कमी गुण कधीकधी असेही येतात: मूल जास्त लांबची उडी मारतं आणि थोडक्यात चुकतं.

एवढं बघितल्यावर मी मत दिलं: प्रगती झाली आहे, ती मांडणीत आणि आशयात आहे, आणि दिलेल्या साहित्यातून आधार देण्याचं काम अजून जमायचं आहे. केवळ दोन गुणांवर मी हे म्हटलं नसतं. तोडीच्या कृतीवरचा फरक, चुकांचं प्रमाण आणि वाक्यांमधली जोडणी हे तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवत होते म्हणून म्हटलं.

प्रगतिपुस्तकात काय लिहायचं

गुण आहेत तसेच राहतील, १२ आणि १०. समायोजित केलेला १३ हा आकडा प्रगतिपुस्तकात कुठेही लिहू नका. तो आपल्या विचारासाठी आहे. छापला की पालक आणि पुढचे शिक्षक तो मिळालेला गुण समजतात. वर्णनात्मक नोंदींची जागा याच कामासाठी आहे. मी लिहिलेली नोंद अशी: "परिचित विषयावरच्या वर्णनात पहिल्या सत्रापेक्षा मुद्दे कारणांनी जोडते. तक्ता व उतारा वाचून अहवाल लिहिणे हे या वर्षी नव्याने सुरू केले आहे; निरीक्षण चांगले आहे, अनुमानाला दिलेल्या माहितीचा आधार देण्याचा सराव हवा." दुसऱ्या सत्राची कृती नवी होती हे नोंदीत आलं, की १० कडे बघणाऱ्याची नजर बदलते. वडिलांना मी तिन्ही कागदच दाखवले. घाटाचा आणि रंकाळ्याचा कागद शेजारी ठेवल्यावर मला फारसं बोलावं लागलं नाही.

कुठे ही पद्धत तोकडी पडते

सोप्या कृतीवर पहिल्याच सत्रात १५-१६ घेणाऱ्या मुलांना वर जायला जागा नसते. त्यांची F रकान्यातली प्रगती शून्य किंवा एक दिसेल आणि ती खोटी असेल. अशा मुलांसाठी दुवा उलट्या बाजूने घाला: दुसऱ्या सत्राच्या अवघड कृतीच्या तोडीची कृती पुढच्या वर्षी जूनमध्ये द्या आणि तिथून तुलना सुरू करा. तळाशी असलेल्या मुलांचं अवघड कृतीवर हेच होतं. ४ पैकी १ च्या खाली रुब्रिक जात नाही, त्यामुळे अवघडपणाची किंमत त्यांच्या बाबतीत प्रत्यक्षाहून कमी दिसते. मध्यक काढताना दोन्ही टोकांची मुलं बाजूला ठेवून एकदा पुन्हा काढून बघा. आकडा फार बदलला तर फक्त मधल्या मुलांबद्दल बोला.

रंकाळा आणि घाट हे विषय खरंच तोडीचे आहेत का, ही शंका राहतेच. एकाच मुलाची दोन विषयांवरची कामगिरी पुष्कळ वेगळी असू शकते, आणि लेखनासारख्या कृतींत हा फरक तपासणाऱ्यांमधल्या फरकाहूनही मोठा निघतो, असं मूल्यमापनाच्या अभ्यासांत वारंवार दिसलं आहे. घाटाजवळ राहणारं मूल घाटावर चांगलं लिहिणारच. यावर पक्का उपाय वर्षाच्या सुरुवातीलाच करता येतो: पहिल्या सत्रात अर्ध्या वर्गाला रंकाळा आणि अर्ध्याला घाट, दुसऱ्या सत्रात अदलाबदल. मग एक विषय सोपा असला तरी तो सोपेपणा दोन्ही सत्रांत समान वाटला जातो आणि वर्गाचा आकडा स्वच्छ मिळतो. एकेका मुलापुरती शंका तरीही उरते, म्हणून ज्या मुलाबद्दल मोठा निर्णय घ्यायचा असेल त्याला सोप्या तोडीच्या दोन कृती द्या.

वर्ष संपलंय, दुवा कृती झालेली नाही आणि मूल शाळा सोडून गेलंय, अशा वेळी दोन सत्रांच्या एकूण गुणांवरून प्रगतीचा आकडा काढता येत नाही. कितीही अनुभवी शिक्षकांना "कोणती कृती किती अवघड" असं विचारलं तरी तो अंदाजच. तेव्हा फक्त जे निकष दोन्ही कृतींत तेच काम मागतात त्यांच्यापुरतं, कागदावरची वाक्यं दाखवून, शब्दांत लिहा.

मूल अजून शाळेत असेल तर मात्र एप्रिलमधली एक तासिकाही पुरते. पुढच्या वर्षीसाठी फाइलमध्ये कृतीची चिठ्ठी लावून ठेवा: किती साहित्य दिलं, मुद्दे दिले का, वेळ किती, विषय ओळखीचा होता का, असा प्रकार आधी किती वेळा करून घेतला होता. आणि प्रत्येक पातळीचा एक नमुना कागद, नाव झाकून, त्या चिठ्ठीला टाचून ठेवा. आठवीच्या शिक्षकाला १२ आणि १० पेक्षा त्या टाचलेल्या कागदांतून जास्त कळेल, आणि ऑक्टोबरमध्ये तपासायला बसण्याआधी तेच कागद एकदा वाचले तर हातही फार सरकत नाही.